‘लो सोडियम’ मीठ आणि किडनीचे रुग्ण: पाकिटावर काय वाचाल?

रक्तदाब आहे म्हणून घरी ‘लो सोडियम’ मीठ आणले, पण घरात कोणाला किडनीचा आजार असेल, तर पाकीट उघडण्याआधी त्याची मागची बाजू वाचा.

साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ‘लो सोडियम’ मिठात त्यातला काही भाग काढून बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. ते चवीला खारटच लागते. घटकांच्या यादीत ‘पोटॅशियम क्लोराइड’ हे नाव किंवा INS 508 हा क्रमांक शोधा. सैंधव मीठ मात्र वेगळे. ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे तेही बेतानेच खावे.

किडनीच्या रुग्णांना धोका का?

जास्तीचे पोटॅशियम मुख्यतः किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमजोर झाली की ते रक्तात साठू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही पोटॅशियम वाढवू शकतात आणि किडनीच्या अनेक रुग्णांना त्यांतले एखादे चालू असते.

समजा, वडिलांना किडनीचा चौथ्या टप्प्याचा आजार आहे आणि ते टेल्मिसार्टन घेतात. नव्या मिठात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड आहे. त्यांच्या पोटात दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ जाते. त्यातून सुमारे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते, जवळजवळ दोन मध्यम केळ्यांइतके. तुम्ही केळी बंद करता, बटाटे उकळून पाणी फेकता आणि तेच पोटॅशियम मिठातून परत ताटात येते.

कसे ओळखाल?

रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. ते ६ च्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हातपाय गळून जाणे, धडधड, चक्कर ही लक्षणे दिसू शकतात. पण अनेकदा काहीच जाणवत नाही. म्हणून बरे वाटते यावर विसंबू नका. असे मीठ वापरले गेले असेल तर ते थांबवा, डॉक्टरांना लगेच कळवा आणि रक्ततपासणी करून घ्या. जाताना पाकीट सोबत न्या. औषधे मनाने बंद करू नका. धडधड, खूप अशक्तपणा किंवा भोवळ असेल तर थेट रुग्णालय गाठा. तिथे ईसीजी काढतील.

मग कोणी वापरावे?

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये निरोगी प्रौढांना घरच्या साध्या मिठाऐवजी असे मीठ वापरण्याचा पर्याय सुचवला. मात्र किडनीचे कार्य कमी असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना ही शिफारस लागू नाही. किडनीच्या प्रत्येक रुग्णाचे पोटॅशियम वाढलेले नसते, पण ते तपासणीशिवाय कळत नाही. तोपर्यंत साधे मीठच कमी वापरा. चवीसाठी लिंबू, आले, लसूण, जिरे, मिरपूड आहेच. घरात दोन्ही मिठे असतील तर डबे वेगळे ठेवा आणि त्यांवर नावे लिहा.