‘वेळेवर डिलिव्हरी’ कोणत्या रकान्यात?

कंट्रोलिंगच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून येतो. एका बाजूला बॅलन्स्ड स्कोअरकार्डचे चार दृष्टिकोन दिलेले असतात: आर्थिक, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया, शिक्षण आणि वाढ. दुसऱ्या बाजूला आठ-दहा निर्देशक, म्हणजे केपीआय. जोड्या लावा. जर्मनीत कंट्रोलिंग हा वाणिज्य शिक्षणातला स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे सीए आणि सीएमए करणाऱ्यांना हाच प्रश्न मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या पोटात भेटतो. पाच गुणांचा, सोपा वाटणारा, आणि नेमका तिथेच चांगले विद्यार्थी घसरतात.

भांडवलावरचा परतावा आर्थिक रकान्यात आणि प्रत्येक कामगारामागे प्रशिक्षणाचे तास चौथ्या रकान्यात जातात, हे कुणीही सांगेल. अडतं ते ‘वेळेवर डिलिव्हरी’सारख्या निर्देशकांशी. ती ग्राहकाला दिसते म्हणून ग्राहकाच्या रकान्यात टाकायची, की कारखान्यातल्या कामावर अवलंबून असते म्हणून प्रक्रियेच्या?

समजा, शेतीसाठी पंप बनवणारा एक कारखाना आहे. तिमाहीत त्याच्याकडे 400 ऑर्डरी आल्या. उत्पादन विभागाने स्वतःच्या वेळापत्रकानुसार 380 ऑर्डरी पूर्ण केल्या, म्हणजे 95 टक्के. विक्री विभागाने ग्राहकाला जी तारीख कबूल केली होती, त्या तारखेपर्यंत 360 पोचल्या, 90 टक्के. पण ग्राहकाने मुळात मागितलेल्या तारखेला किती पोचल्या? 280. म्हणजे 70 टक्के. यात कुणी खोटं बोललेलं नाही. ग्राहकाला पंप 10 तारखेला हवा होता, विक्रीवाल्याने 18 तारीख दिली, माल 17 तारखेला पोचला आणि रजिस्टरमध्ये ‘वेळेवर’ अशी नोंद झाली. पेरणी मात्र थांबायची ती थांबलीच.

आता जोडी लावणं सोपं होतं. 95 टक्क्यांचा आकडा प्रक्रियेच्या रकान्यातला, कारण तो कारखान्याने स्वतःला घातलेल्या मोजपट्टीवर काढला आहे. 70 टक्क्यांचा आकडा ग्राहकाच्या रकान्यातला, कारण तिथे पट्टी ग्राहकाची आहे. मधला 90 चा आकडा फसवा. तो ग्राहकाचा म्हणून मिरवतो, पण तारीख विक्रेत्याने ठरवलेली. माझं मत विचाराल तर व्यवस्थापनाच्या बैठकीत सर्वाधिक वेळा झळकतो तो हाच, कारण तो सगळ्यांना सोयीचा असतो.

रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी ही पद्धत ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये 1992 साली मांडली, तेव्हा त्यांनी सेमीकंडक्टर बनवणाऱ्या एका कंपनीचं स्कोअरकार्ड नमुना म्हणून दिलं होतं. लेखात तिचं नाव आहे इलेक्ट्रॉनिक सर्किट्स. त्यात वेळेवर डिलिव्हरी ग्राहकाच्या रकान्यात आहे आणि शेजारी अट लिहिली आहे: वेळ ग्राहक ठरवेल ती. उत्तराची किल्ली त्या अटीत आहे.

याच नमुन्यात आणखी एक गंमत आहे. बाजारातला हिस्सा हा निर्देशक बहुतेक पाठ्यपुस्तकं ग्राहकाच्या रकान्यात शिकवतात. खुद्द कॅप्लन आणि नॉर्टन यांच्या 1996 च्या पुस्तकातही तो तिथेच आहे. पण 1992 च्या नमुन्यात तो भागभांडवलावरील परताव्याच्या जोडीने आर्थिक रकान्यात बसला आहे. त्या कंपनीचं आर्थिक उद्दिष्ट ‘भरभराट’ होतं आणि भरभराट झाली हे कशावरून ओळखायचं, तर वाढत्या हिश्शावरून. उद्दिष्ट बदललं की निर्देशकाचं घर बदलतं.

नव्या उत्पादनांचंही तसंच. 1992 मध्ये चौथ्या दृष्टिकोनाचं नाव होतं ‘नावीन्य आणि शिक्षण’. त्यामुळे पुढच्या पिढीचं उत्पादन किती काळात तयार झालं, हे तिथेच मोजलं जाई. पुस्तकात हा दृष्टिकोन ‘शिक्षण आणि वाढ’ झाला आणि नवं उत्पादन घडवण्याचं काम अंतर्गत प्रक्रियेत गेलं. म्हणून नव्या उत्पादनाला लागणारा वेळ कुठे, या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात आणि दोन्हींच्या मागे तेच दोन लेखक उभे असतात. परीक्षेत अलीकडची मांडणी धरावी आणि कारणाचं एक वाक्य सोबत लिहावं. परीक्षक माणूस असेल तर ते वाक्य वाचतो. पर्यायी उत्तरांच्या पेपरात मात्र इलाज नाही.

प्रश्नाचं खरं मर्म कळतं ते एकच दोष चारही रकान्यांतून फिरताना पाहिला की. आपल्या पंपाच्या कारखान्यात सील नीट बसत नाही, असं धरा. चाचणीच्या बेंचवर 2,000 पंपांपैकी 1,900 पहिल्याच फेरीत पास झाले. पहिल्या फेरीचं हे 95 टक्के प्रमाण प्रक्रियेचा निर्देशक, कारण दोष अजून कारखान्याच्या भिंतीआड आहे. बेंचवर न सापडलेल्या गळतीमुळे वॉरंटीच्या काळात 40 पंप परत आले, तेव्हा 2 टक्के तक्रारींचं प्रमाण ग्राहकाच्या रकान्यात उमटलं. त्या दुरुस्तीवर झालेला खर्च विक्रीच्या किती टक्के, हे आर्थिक रकान्यात. आणि सील बसवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या कामाची चाचणी उत्तीर्ण केली आहे, हा आकडा चौथ्या रकान्यात.

आकडा कशाचा आहे हे नावापेक्षा त्याच्या छेदावरून लवकर कळतं. खाली तपासलेले पंप असतील तर प्रक्रिया, ग्राहक किंवा ग्राहकाकडे पोचलेले पंप असतील तर ग्राहक, कर्मचारी असतील तर बहुधा शिक्षण आणि वाढ, रुपये असतील तर बहुधा आर्थिक. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, प्रत्येक कर्मचाऱ्यामागे विक्री हा आकडा. त्याच्या छेदात कर्मचारी आहेत, पण अंशात रुपये. कॅप्लन-नॉर्टन यांच्या पुस्तकात तो दोन्ही ठिकाणी येतो: आर्थिक उत्पादकता म्हणून एकदा आणि कर्मचाऱ्यांची उत्पादकता म्हणून एकदा.

पंपाच्या दोषाची ही साखळी कागदावर सुरेख दिसते: शिकलेला कामगार, कमी गळती, खूश ग्राहक, जास्त नफा. डॅनिश अभ्यासक हान्ने नोरेक्लिट यांनी 2000 साली नेमक्या याच साखळीवर बोट ठेवलं. ग्राहक खूश झाला म्हणजे नफा होतोच, असं गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत क्रिस्टोफर इट्नर आणि डेव्हिड लार्कर यांनी कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा आपल्या निर्देशकांमधले असे कार्यकारण संबंध तपासून पाहणाऱ्या कंपन्या अल्पसंख्य निघाल्या. बाकीच्यांनी बाण काढले आणि ते खरे मानले.

आपल्या कारखान्यात हे कसं ओळखायचं? दोन रकाने शेजारी ठेवून. समजा, ग्राहकांचं समाधान वर्षभरात वाढलं, पण तक्रारींचं प्रमाण आहे तिथेच, 2 टक्क्यांवर आहे. मग ते वाढलं कशाने? आर्थिक रकान्यात वसुलीचे दिवस पाहिले तर ते 45 वरून 70 वर गेलेले. विक्रेते दुकानदारांना लांब उधारी देत होते आणि दुकानदार समाधानी होते. ग्राहकाच्या रकान्यातला आकडा सुधारला होता तो आर्थिक रकान्यातली रोकड अडकवून, आणि सील अजूनही गळतच होतं.