आठवायला वेळ लागणं आणि आठवण नसणं

सत्तरीतल्या माणसाला लग्नात जुना सहकारी भेटतो. चेहरा ओळखीचा, कुठल्या खात्यात होता तेही आठवतं, पण नाव काही केल्या जिभेवर येत नाही. घरी परतताना रिक्षात ते अचानक आठवतं. म्हणजे नाव मेंदूत शाबूत होतं, फक्त उशिरा बाहेर आलं.

मेंदूचा हा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरत असतो. तो मोजायची एक साधी चाचणी आहे. एक ते नऊ अंकांना एकेक खूण ठरवून दिलेली असते आणि ठरलेल्या वेळात अंकांखाली त्या खुणा भराव्या लागतात. निरोगी वृद्ध माणूस विशीतल्या मुलापेक्षा बऱ्याच कमी खुणा भरतो, पण भरतो त्या बहुतेक बरोबर असतात. टिमथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1996 मध्ये मांडलं की वयानुसार होणारी इतर बरीच घसरण या मंद गतीतूनच येते. तोंडी हिशेबात दुसरी पायरी संपेपर्यंत पहिलीचं उत्तर निसटतं, तसं हे होतं.

नवीन कोडं सोडवण्याच्या या ताकदीला रेमंड कॅटेल यांनी द्रव बुद्धी म्हटलं, तर साठवलेल्या ज्ञानाला स्फटिक बुद्धी. शब्दसंग्रह हा या दुसऱ्या बुद्धीचा भाग आणि तो साठीपर्यंत, अनेकांचा त्यापुढेही, टिकतो किंवा वाढतो. म्हणूनच नवा मोबाइल शिकताना अडखळणारी आजी नात्यागोत्यांची गुंतागुंत सहज उलगडून सांगते.

अल्झायमरच्या सुरुवातीला बिघाड वेगळ्या जागी होतो. नवी आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला आणि त्याच्या शेजाराला लवकर इजा होते. त्यामुळे आठवण मुळात नीट रुजतच नाही. तपासणीत हा फरक उघड दिसतो. ‘पेरू’ हा शब्द दाखवून ‘यातलं फळ कोणतं?’ असं विचारतात आणि पेरूकडे रुग्णाचं लक्ष गेलंय याची खात्री करतात. थोड्या वेळाने पेरू आपसूक आठवला नाही, तर ‘एक फळ होतं’ असा इशारा देतात. वयामुळे मंदावलेला माणूस बहुधा लगेच ‘पेरू’ म्हणतो. अल्झायमरच्या रुग्णाला अनेकदा इशाऱ्यानेही काही मिळत नाही, किंवा तो यादीत नसलेलंच फळ सांगतो.

मात्र या एका चाचणीवर निदान होत नाही. नैराश्य, थायरॉइडची कमतरता, बी-12 ची उणीव, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांनीही विसराळूपणा वाढतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. शिवाय शिक्षण कमी असेल तर निरोगी माणसालाही गुण कमी पडतात, म्हणून आधी काय जमत होतं आणि आता काय जमेनासं झालं हे घरच्यांकडून कळणं फार गरजेचं असतं.

आई तोच प्रश्न अर्ध्या तासात तिसऱ्यांदा विचारत असेल आणि आधी विचारल्याचं तिला आठवतच नसेल, किंवा वडील रोजच्या रस्त्यावर चुकत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. घडलेले दोन-तीन प्रसंग तारखेसह लिहून काढा, चालू औषधांची यादी जोडा आणि डॉक्टरांकडे जा.