आजींना सोफ्यावर बसवू नका

घरात भजनाचं मंडळ यायचं असलं की यजमानीणबाई सकाळी खोलीच्या मधोमध उभ्या राहतात आणि मनातल्या मनात माणसं बसवू लागतात. सोफ्यावर तीन, दिवाणावर चार, बाकीच्या खाली सतरंजीवर. अठरा जणी सहज मावतील! प्रत्यक्षात बारावी बाई आत आली की ताटकळणं सुरू होतं आणि स्वयंपाकघराकडे पाण्याचा तांब्या आणायला जाणारी सून कोणाच्या तरी गुडघ्यावरून उडी मारते.

चूक मोजण्यात होते. आपण बुडाला लागणारी जागा मोजतो, गुडघ्यांना आणि पावलांना लागणारी विसरतो. मांडी घातलेल्या माणसाचा एक गुडघा ते दुसरा गुडघा हे अंतर दोन ते सव्वादोन फूट भरतं. ते ताडून पाहायला टेप लागत नाही, मोठ्या आकाराचं मराठी वर्तमानपत्र पुरतं. त्याची दोन पानं पूर्ण उघडून जमिनीवर पसरली की साधारण एका मांडीची जागा होते. रिकाम्या फरशीवर असे कागद मांडत गेलं, की किती जणी बसतील हे पाच मिनिटांत दिसतं. कागदांवर पाय न देता स्वयंपाकघरात जाता येत नसेल, तर दोन कागद उचलायचे.

या खेळातून एक गंमत कळते. खाली बसवलं की जागा वाचते, हा आपला लाडका समज अर्धाच खरा आहे. घडीची खुर्ची रुंदीला दीड फूट घेते आणि पावलांसकट तीन फूट खोल जाते, म्हणजे साडेचार चौरस फूट. मांडीलाही जवळपास तेवढीच जागा लागते. सर्वांत कमी जागा खातं ते स्टूल. पाठ नसल्याने बसणारा थोडा पुढे कलतो, पाय खाली ओढून घेतो आणि साडेतीन-चार चौरस फुटांत त्याचं भागतं. मात्र अर्ध्या तासानंतर कंबर बोलू लागते. बैठकीचा खरा फायदा दुसराच आहे. खाली बसलेल्यांच्या डोक्यांवरून मागच्यांना दिसतं, आणि कार्यक्रम संपला की सतरंजी गुंडाळून कपाटावर जाते. मुंबईत बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत बारशी आणि डोहाळजेवणं झाली, त्यात या गुंडाळता येण्याचा वाटा मोठा होता. उरलेल्या पाहुण्यांना सामावून घ्यायला दाराबाहेर सामाईक पॅसेज होता, हेही खरं. फ्लॅटच्या दाराबाहेर लिफ्ट असते.

आता १० बाय १२ फुटांचा हॉल घेऊ. दहा फुटी भिंतीच्या कोपऱ्यात मुख्य दार आहे आणि समोरच्या भिंतीत त्याच बाजूला स्वयंपाकघराची वाट. या दोन्हींना जोडणारी दोन फुटांची पट्टी आधी सोडून द्यायची, तिच्यावर कोणालाही बसवायचं नाही. टीपॉय सरळ बेडरूममध्ये न्यायचा. चार बाय दोनचा टीपॉय दोन माणसांची जागा अडवतो आणि वर त्याचे कोपरे नडग्यांना लागतात. पट्टीच्या समोरच्या लांब भिंतीला सहा फुटी सोफा आणि त्याच्या रांगेत तीन घडीच्या खुर्च्या मांडल्या की सहा जणींची सोय झाली. या रांगेपुढे पावलांना दीड फूट सोडला, की रांग आणि पट्टीच्या मध्ये चार फूट रुंदीचा पट्टा उरतो. त्यात टीव्हीच्या बाजूला पेटी आणि तबला, म्हणजे दोघी. त्यांच्यासमोर दोन-दोन जणींच्या दोन ओळी सतरंजीवर आणि सर्वांत मागे, दाराकडच्या भिंतीला, दोन स्टुलं. खाली बसलेल्या पुढे, उंचावरच्या मागे आणि कडेला, म्हणून पेटीवाली सगळ्यांना दिसते.

बेरीज चौदा होते. गुडघ्याला गुडघा लावला तर सोळा. अठरा होत नाहीत, आणि त्याचं एक कारण भिंतीला टेकून उभं आहे. पावलांच्या जागेसकट सोफा चोवीस चौरस फूट घेतो आणि तीन माणसं बसवतो. तेवढ्यात पाच खुर्च्या राहतात. पण सोफा हलवायला दोन माणसं आणि दुसरी रिकामी खोली लागते, म्हणून बहुतेक घरांत तो जागचा हलत नाही.

त्या सोफ्यावर कोणाला बसवायचं, इथेही आपला शिष्टाचार उलटा चालतो. आल्याबरोबर ‘आजी, तुम्ही सोफ्यावर बसा’ असा आग्रह होतो. आजी बिचाऱ्या बसतात, खाली रुततात, गुडघे कमरेच्या वर येतात आणि आरतीला उठायची वेळ आली की दोन सुनांना हात द्यावे लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सतरा-अठरा इंच उंचीची, टणक बैठकीची आणि हात असलेली खुर्ची हवी. साधी प्लास्टिकची खुर्ची या कामात महागड्या सोफ्याला मागे टाकते. सोफा कॉलेजातल्या मुलींना द्यावा. स्टुलंही तरुणांनाच, कारण त्यांना पाठ नाही.

खाली बसणाऱ्यांसाठी नुसती सतरंजी पुरत नाही. मांडी टिकायची तर बूड गुडघ्यांपेक्षा तीन-चार इंच वर हवं, नाहीतर पाठीला पोक येतो आणि पाय बधिर होतात. त्यासाठी चौकोनी गादी किंवा घट्ट घडी घातलेली चादर चालते. बाजारातल्या गुबगुबीत उशा दिसायला छान असतात, पण त्यातल्या अनेकांचा फोम हलका असतो. घेताना मूठ रोवून पूर्ण भार द्यावा. बोटांच्या पेरांना खालचा काउंटर लागला तर ती उशी माणसाखाली चपटी होणार. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेतली तर वर्षानुवर्षं टिकते, फक्त मध्ये गोळे झाले आहेत का ते हाताने चाचपावं. गुळगुळीत टाइलवर गादी आणि लोड दोन्ही सरकतात, म्हणून त्यांच्याखाली सतरंजी हवीच.

दीड तासाच्या भजनात पाय कधी ना कधी मोकळे करावे लागतात. मधल्या ओळीतल्या बाईने ते करायचे कुठे? पुढे कोणाची तरी पाठ, आणि कोणाकडे पाय पसरणं आपल्याकडे शोभत नाही. त्यामुळे ज्यांना मांडीची सवय नाही त्यांना वाटेच्या कडेला बसवावं. तिथून उठून दोन मिनिटं उभं राहता येतं.

घडीच्या खुर्च्या वर्षातून चार दिवस बाहेर येतात, तेवढ्यात त्यांचे दोष विसरले जातात. मांडण्याआधी प्रत्येक खुर्ची उघडून बैठक खाली दाबावी आणि ती पूर्ण बसली का ते पाहावं. अर्धवट उघडलेली खुर्ची मिटते तेव्हा नेमकी बोटं बैठक आणि नळीच्या मध्ये असतात. लहान मुलांना ती उघडू देऊ नये. बैठकीच्या अगदी पुढच्या काठावर बसलं तर खुर्ची पुढे कलंडते, आणि पंख्यावरचं जळमट काढायला तिच्यावर चढणं म्हणजे हौसेने पडणं. पायांची रबरी बुचं झिजून गेली असतील तर टाइलवर ती घसरते. बुचं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, जाताना नळीची जाडी मोजून न्यावी.

मिटलेली खुर्ची तीन-चार इंच जाड असते, त्यामुळे चार खुर्च्या बेडरूमच्या दारामागे किंवा पलंगाखाली राहतात. माळ्यावर ठेवू नयेत. माळ्यावरून काढायला शिडी लागते, शिडी शेजाऱ्यांकडे असते, आणि शेजारीण त्या वेळी आपल्याच हॉलमध्ये पेटी लावत बसलेली असते.