‘फातिहा’च्या शब्दांत दडलेला अर्थ

पहाटेच्या नमाजात दोन रकात, दुपारी चार, तिसऱ्या प्रहरी चार, सूर्यास्तानंतर तीन आणि रात्री चार. दिवसाच्या पाच अनिवार्य नमाजांत मिळून सतरा रकात होतात, आणि प्रत्येक रकातीत उभे असताना कुराणाचा पहिला अध्याय ‘अल्-फातिहा’ म्हटला जातो. वर्षाकाठी हे पठण सहा हजारांच्या वर जाते. नमाज अरबीतच होते. मात्र भारतातल्या फार थोड्या नमाजींना अरबी समजते. त्यामुळे लहानपणी मक्तबात पाठ केलेले हे सात आयतींचे सूरे आयुष्यभर जिभेवर राहते आणि त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ही देवाची स्तुती आहे’ एवढ्यावरच थांबतो.

गंमत अशी, की मराठी माणसाला यातले निम्मेअधिक शब्द परके नाहीत. ते फारसीच्या वाटेने केव्हाच आपल्या घरात येऊन बसले आहेत.

‘फातिहा’ म्हणजे उघडणारी. अल्लाहच्या नावाने आरंभ झाल्यावर पहिला महत्त्वाचा शब्द येतो तो ‘अल्-हम्द’. याचे भाषांतर नुसते ‘स्तुती’ असे केले तर काहीतरी निसटते. मोत्याच्या तेजाची स्तुती करता येते, पण त्या तेजात मोत्याचे कर्तृत्व काय? ‘हम्द’ ही ज्याने आपणहून चांगले केले त्याची वाखाणणी असते, आणि तिच्यात कृतज्ञताही मिसळलेली असते. आरंभीच्या ‘अल्’मुळे ती ‘सर्वच्या सर्व’ होते.

ती कोणाची? ‘रब्ब’ची. या शब्दाला ‘स्वामी’ म्हणतात, पण त्याच्या पोटात पालनपोषणाचा अर्थ आहे. एखादी गोष्ट पायरीपायरीने वाढवत पूर्णत्वाला नेणारा तो रब्ब. मराठीत आश्रयदात्याला आपण ‘मुरब्बी’ म्हणतो, तो शब्द याच कुळातला. पुढचा ‘आलमीन’ हा ‘आलम’चे अनेकवचन आहे, म्हणजे सारी विश्वे. मौलाना अबुल कलाम आझादांनी आपल्या ‘तर्जुमानुल कुरआन’ या भाष्याचा मोठा भाग या एकाच सूऱ्याला दिला. तिथे त्यांचा भर यावरच आहे, की हा पालनकर्ता एखाद्या जमातीचा किंवा देशाचा नसून सर्वांचा आहे.

‘रहमान’ आणि ‘रहीम’ या जोडीचे भाषांतर करताना भाषांतरकार हमखास अडखळतात, कारण दोन्ही शब्दांचे मूळ एकच, दया. अरबीत गर्भाशयालाही ‘रहिम’ म्हणतात, तो याच मुळाचा. फरक आहे तो शब्दाच्या घडणीत. ‘रहमान’ ज्या साच्यातला आहे त्यातून काठोकाठ भरल्याचा अर्थ निघतो. त्याच साच्यातला ‘अत्‌शान’ म्हणजे तहानेने व्याकूळ झालेला. ‘रहीम’चा साचा कायमचा स्वभाव सांगतो. एकात दयेचा पूर आहे, तर दुसऱ्यात बारमाही झरा.

यानंतर ‘मालिक’, म्हणजे आपला मालकच. काही मान्य पाठपरंपरांत हा शब्द ऱ्हस्व ‘म’ने ‘मलिक’ असा, म्हणजे राजा या अर्थाने वाचतात, आणि दोन्ही पाठ शुद्ध मानले जातात. तो कशाचा मालक? ‘यौम’चा, म्हणजे दिवसाचा, आणि हा दिवस ‘दीन’चा. इथे मात्र सावध राहायला हवे. मराठीतला गरीब ‘दीन’ इथे नाही आणि उर्दूतला ‘धर्म’ या अर्थाचा ‘दीन’ही नाही. इथे ‘दीन’ म्हणजे केल्याचे फळ, हिशेबाची फेड. याच अक्षरांचा ‘दैन’ म्हणजे अरबीत कर्ज, हे ध्यानात ठेवले की अर्थ लगेच उमगतो.

इथवर बोलणे ‘त्या’च्याविषयी चालले होते. पुढच्या आयतीत एकदम ‘इय्याक’ येतो, म्हणजे ‘तुला’. ज्याच्याविषयी बोलत होतो त्याच्याशीच आता थेट बोलणे सुरू होते. अरबीत क्रियापद सहसा आधी येते. इथे ‘तुला’ हा शब्द उचलून क्रियापदाच्या आधी ठेवला आहे आणि त्यातून ‘फक्त तुलाच’ असा अर्थ निघतो. मराठीत हे काम एका ‘च’ने होते: भक्ती तुझीच आणि मदतीची याचना तुझ्याकडेच. दोन्ही क्रियापदे, ‘नअबुदु’ आणि ‘नस्तईन’, अनेकवचनी आहेत. घरात एकटीच नमाज पढणारी बाईसुद्धा इथे ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणते. ‘अब्दुल’ या नावातला ‘अब्द’ म्हणजे दास, आणि ‘नअबुदु’ त्याच मुळातले आहे.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात या वळणाविषयी एक वचन आहे. त्याचा आशय असा, की ही प्रार्थना अल्लाह आणि दास यांच्यात अर्धी-अर्धी वाटलेली आहे. आधीचा भाग त्याच्या गौरवाचा, नंतरचा दासाच्या मागणीचा आणि ही मधली आयत दोघांची. अर्थ जाणून म्हणणारा नमाजी इथे क्षणभर थांबतो. नुसते पाठ म्हणणारा एका दमात पुढे निघून जातो.

मागणी एकच आहे. ‘इह्‌दिना’ म्हणजे आम्हाला वाट दाखव. ‘हिदायत’ याच धातूचा शब्द. ‘सिरात’ म्हणजे रुंद, रुळलेला रस्ता. अनेक भाषाभ्यासकांच्या मते हा शब्द रोमन लोकांच्या लॅटिनमधून अरबीत आला. तिथे ‘स्त्राता’ म्हणजे फरसबंदी रस्ता. ‘मुस्तकीम’ म्हणजे सरळ.

हा रस्ता कोणाचा? ज्यांच्यावर ‘अन्अम्त’, म्हणजे ‘तू कृपा केलीस’, त्यांचा. मराठीतल्या ‘इनाम’चे मूळ हेच. शेवटच्या ‘त’मधल्या ‘अ’काराने ‘तू’ सांगितला आहे. घाईत तिथे ‘उ’कार लागून ‘अन्अम्तु’ झाले, की ‘मी कृपा केली’ असा अर्थ होतो आणि दास स्वतःच दाता बनून बसतो. अर्थ पालटणारी चूक म्हणून धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हे उदाहरण आवर्जून दिलेले असते. ‘इय्याक’मधल्या जोडाक्षराचेही तसेच. जोर न देता ‘इयाक’ म्हटले तर तो सूर्यप्रकाशाचा वेगळाच शब्द होतो. म्हणूनच जुने उस्ताद मुलांना या दोन जागी पुन्हापुन्हा म्हणायला लावतात.

शेवटी ज्यांची वाट नको, ते येतात. ‘मग्दूब’ म्हणजे ज्यांच्यावर क्रोध झाला ते. आपला ‘गजब’ इथलाच. ‘दाल्लीन’ म्हणजे वाट चुकलेले. हे कोण, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. जुन्या भाष्यांत विशिष्ट समाजांची नावे येतात. इतर कित्येकांनी, सत्य कळूनही ते झिडकारणारे आणि न कळल्याने भरकटलेले, अशा दोन वृत्ती त्यात पाहिल्या. खुद्द सूऱ्यात कोणाचेही नाव नाही. आणखी एक बारकावा असा, की कृपेच्या वेळी कर्ता स्पष्ट आहे, ‘तू केलीस’. क्रोधाच्या वेळी मात्र कर्मणी रूप आले आहे आणि क्रोध करणाऱ्याचा उल्लेखच नाही.

नंतर उच्चारला जाणारा ‘आमीन’, म्हणजे ‘हे ऐक, मान्य कर’, सूऱ्याचा भाग नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे असल्याने रत्नागिरीकडच्या मशिदीत मगरिबच्या नमाजात तो सर्वांच्या तोंडून मोठ्याने उमटतो. हनफी पंथाच्या मशिदीत, उदाहरणार्थ मराठवाड्यात, त्याच वेळी तोच शब्द ओठांतल्या ओठांत म्हटला जातो.