वाळूतलं पाणी आणि ओली भिंत

चिपळूण-रत्नागिरीकडे पाऊस लागला की बांधकाम थांबतंच असं नाही. ठेकेदार ताडपत्री ताणतो, बिगारी उघडीप बघून मसाला कालवतात आणि भिंत हळूहळू वर येते. सिमेंटला पाणी लागतंच. ते कुठे, किती आणि कधी मिळतं, यावर पावसाळी बांधकामाचं सगळं अवलंबून असतं.

सिमेंटच्या गोणीला मिसळण्याआधी पाणी नकोच, आणि हवेतली दमटही तिला पुरते. म्हणून गोण्या फरशीवर न ठेवता वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून दीडेक फूट लांब रचतात. थप्पी दहा गोण्यांच्या वर नेत नाहीत. सगळ्यावर जाड प्लास्टिक, कडा खालपर्यंत. आधी आलेली गोणी आधी वापरायची. गोणीत गाठी दिसल्या तर चिमटीत दाबून पाहा. भुगा झाला तर ती थप्पीच्या वजनाने बसलेली गाठ. बोटांनी फुटली नाही तर सिमेंट गोणीतच जमलं आहे. अशा गाठी कुटून, चाळून भिंतीत घालू नयेत.

सिमेंटची एवढी काळजी घेणारी माणसं वाळूचा ढीग मात्र उघडाच टाकतात, आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. एकास सहाचा मसाला घ्या. 50 किलोची गोणी म्हणजे साधारण 35 लिटर, तेवढ्याच मापाचा फर्मा. एका गोणीला सहा फर्मे वाळू लागते. पण ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि ते एकमेकांपासून दूर राहतात. मध्यम ओलीची वाळू 20 ते 30 टक्के सहज फुगते, म्हणजे सहा फर्म्यांत प्रत्यक्ष वाळू पाच फर्म्यांचीही भरत नाही. मसाला सिमेंटने जड होतो आणि पैसे वाया जातात. जोराच्या सरीने वाळू पुरती भिजली की हा फुगवटा नाहीसा होतो. सकाळचा आणि दुपारचा मसाला वेगळा निघतो तो यामुळे.

किती फुगली हे जागेवर कळतं. सरळ काचेच्या बरणीत वाळू सैल भरा, 20 सेंटिमीटरपर्यंत. मग पाणी घालून ढवळा आणि खाली बसू द्या. 16 सेंटिमीटरवर बसली तर फुगवटा 25 टक्के, आणि सहाऐवजी साडेसात फर्मे घालावे लागतील.

पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे, पण फार कमी जण तो करतात. सहा फर्मे वाळूचं कोरडं वजन तीनशे किलोच्या आसपास. त्यात दहा टक्के ओल असली तर तीस लिटर पाणी वाळूतूनच आलं. एका गोणीच्या मसाल्याला एकूण पन्नासेक लिटर लागतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त आधीच आत आहे, आणि बिगारी नेहमीच्या बादल्या ओततोच. म्हणून सरीनंतरच्या पहिल्या मसाल्यात पाणी थोडं थोडं घालायला सांगा. ढीग उंचवट्यावर, भोवती चर, वर ताडपत्री. तळाची चिखलट वाळू वापरू नका. क्रश सँड असेल तर पावसाने तिचा बारीक भाग खाली वाहून जातो. ती फावड्याने उलटीपालटी करून मगच घ्या.

आता भिंत. एरवी विटा भिजवून लावतात, पावसात त्या आधीच चिंब असतात. अशी वीट मसाल्यातलं पाणी शोषत नाही, सांधा ओलाच राहतो आणि वरच्या थरांच्या भाराने वीट सरकते. म्हणून विटाही झाका आणि दिवसाला मीटरभरच बांधा. सुट्टीच्या वेळी प्लास्टिक भिंतीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंनी दोन फूट खाली सोडून विटांनी दाबा. परांचीची भिंतीलगतची फळी रात्री उभी करून ठेवा. आडव्या फळीवर पडणारं पाणी उडून भिंतीवर चिखल मारतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

धोका पहिल्या काही तासांचा. रात्रभर मसाला आवळला की दुसऱ्या दिवशीची सर भिंतीला मारायचं पाणी वाचवते. पण रात्री झाकण उडालं असेल तर सकाळी खिळा घेऊन सांधा ओरखडा. भिंतीवरून करडे ओघळ उतरले असतील आणि सांध्यातून नुसती वाळू सुटत असेल, तर सिमेंट धुऊन गेलं आहे. वरून कोरडं सिमेंट भुरभुरणं किंवा गिलावा मारणं हा इलाज नाही. सांधा घट्ट लागेपर्यंतचे थर उतरवा, विटा धुवा आणि नव्या मसाल्याने पुन्हा बांधा.

जूनपूर्वी ठेकेदाराशी दर ठरवताना ताडपत्री, फळ्या आणि उतरवलेले थर पुन्हा बांधण्याचा खर्च कोणाकडे, हे कागदावर लिहून घ्या.