बदल मोजणारं वेटोळं

चाकणच्या पट्ट्यात जिथे गाड्यांचे सांगाडे जोडले जातात, तिथे पत्र्याला पत्रा चिकटतो तो बहुतेक ठिकाणी स्पॉट वेल्डिंगनं. तांब्याच्या दोन टिपा दोन्ही बाजूंनी पत्रे दाबून धरतात, त्यांच्यामधून क्षणभर प्रचंड प्रवाह जातो, पत्र्यांच्या मधल्या सांध्यावर धातू वितळतो आणि थिजून एक टिकली तयार होते. गाडीच्या एका सांगाड्यात असे ठिपके हजारोंनी असतात. एक मिलिमीटर जाडीचे साध्या पोलादाचे दोन पत्रे जोडायला साधारण १०,००० अँपिअर प्रवाह लागतो आणि तो सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा वाहतो. हा प्रवाह १० टक्क्यांनी कमी पडला तर उष्णता १९ टक्क्यांनी घटते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आतली टिकली लहान राहते. बाहेरून ठिपका मात्र तसाच दिसतो, आणि या कामातली खरी भीती हीच आहे.

तेव्हा प्रवाह मोजलाच पाहिजे. पण १०,००० अँपिअर मोजायला मीटर कुठे लावणार? वाटेत शंट घातला, अगदी दहा मायक्रोओहमचा, तरी त्यात एक किलोवॉट उष्णता होणार, शिवाय तांब्याचा जाड दांडा कापावा लागणार. लोखंडी गाभ्याचा सीटी एवढ्या प्रवाहासाठी बोजड होतो. त्यातून हल्लीच्या एमएफडीसी गनमध्ये प्रवाह एकाच दिशेनं वाहतो. अशा प्रवाहानं लोखंडाचा गाभा चुंबकत्वानं भरून जातो, आणि एकदा भरला की पुढचं काही त्याला कळत नाही. या जागी जे उपकरण बसतं ते दिसायला अगदीच साधं आहे. करंगळीएवढ्या जाडीची, वाकणारी एक नळी दांड्याभोवती गुंडाळायची आणि तिची दोन टोकं एकमेकांत अडकवायची. तिच्यातून निघालेली बारीक केबल मीटरला जाते. तिचं नाव रोगोव्स्की कॉइल.

नळीच्या आत बारीक तारेचे एकसारखे वेढे आहेत आणि गाभ्यात लोखंड नाही, नुसतं प्लास्टिक किंवा रबर. मधल्या दांड्यातून प्रवाह गेला की त्याच्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं आणि ते या वेढ्यांमधून जातं. फॅरेडेचा नियम सांगतो की क्षेत्र नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. बदललं तरच वेढ्यांत व्होल्टेज निर्माण होतं. म्हणून कॉइलच्या टोकांवर जे मिळतं ते प्रवाहाच्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात असतं. प्रवाह किती आहे हे या कॉइलला ठाऊकच नसतं. तो किती झपाट्यानं वाढतोय किंवा घटतोय, एवढंच तिला कळतं. तिचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आकडे घालून पाहू. नळीचा आतला गाभा आठ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर. दर सेंटिमीटरला २० वेढे. यावरून दांडा आणि कॉइल यांच्यातली परस्पर प्रवर्तकता निघते ०.१२६ मायक्रोहेन्री. अर्थ असा की प्रवाह सेकंदाला दहा लाख अँपिअर या वेगानं चढत असेल, तर टोकांवर ०.१२६ व्होल्ट मिळतील. या हिशेबात नळीची लांबी कुठेही येत नाही, हे मला फार सुंदर वाटतं. लांब नळी घेतली तर वेढे वाढतात, पण ती दांड्यापासून दूर राहते आणि तिथलं क्षेत्र तेवढंच क्षीण असतं. वाढ आणि घट बरोबर जुळतात. याच कारणानं वेटोळं गोल असायची गरज नाही आणि दांडा नेमका मधोमध असायचीही नाही. अँपिअरचा नियम बंद वाटेवरून फिरून क्षेत्राची बेरीज करायला सांगतो, आणि ती बेरीज फक्त आत अडकलेल्या प्रवाहावर ठरते. बाहेरून जाणाऱ्या प्रवाहाचा तिच्यातला वाटा शून्य.

मात्र हे खरं ठरायला वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं आणि वाट खरोखर बंद हवी. आणखी एक बारकावा आहे. तार वेढे घेत घेत नळीभर पुढे जाते, तेव्हा ती स्वतःच दांड्याभोवती एक मोठा वेढा पूर्ण करते, आणि हा मोठा वेढा शेजारपाजारचं भलतंच क्षेत्र पकडतो. म्हणून दुसऱ्या टोकाला पोचलेली तार वेढ्यांच्या पोटातून सरळ मागे आणतात. जाणारा मोठा वेढा आणि परतणारा मोठा वेढा एकमेकांना खोडतात. दोन्ही जोडण्या त्यामुळे एकाच टोकाला येतात, दुसरं टोक मोकळं राहतं आणि दांडा न कापता नळी गुंडाळता येते.

ही कल्पना जुनी आहे. १८८७ साली ब्रिस्टलमध्ये ए. पी. चॅटक यांनी अशीच लांब, लवचीक कॉइल बनवली होती. त्यांना प्रवाह मोजायचा नव्हता. डायनॅमोच्या लोखंडातला चुंबकीय अडथळा त्यांना तपासायचा होता. कॉइलचं प्रमाण ठरवण्यासाठी मात्र त्यांनी ती प्रवाह असलेल्या तारेभोवती टोकाला टोक लागेपर्यंत वाकवली, म्हणजे आज आपण जे करतो तेच केलं. १९१२ साली जर्मनीत वाल्टर रोगोव्स्की आणि डब्ल्यू. स्टाइनहाउस यांनी तिच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला आणि नाव रोगोव्स्कींचं रूढ झालं. चॅटक यांचं नाव मागे पडलं याची मला खंत वाटते. त्यानंतरही बरीच दशकं ही कॉइल रोजच्या वापरात आली नाही, कारण तिच्यातून मिळणारं इवलंसं व्होल्टेज बिनचूक साठवत जाणारं इलेक्ट्रॉनिक मंडल हाताशी नव्हतं.

त्या मंडलाला इंटिग्रेटर म्हणतात. कॉइल बदलाचा वेग सांगते, इंटिग्रेटर क्षणाक्षणाचे बदल जोडत जातो आणि त्या बेरजेतून प्रवाह परत उभा राहतो. टाकीत किती पाणी येतंय आणि किती जातंय एवढंच दिसत असेल, तर पातळी सांगता येते ती एकाच अटीवर: सुरुवातीला टाकीत किती होतं हे माहीत असलं पाहिजे. रोगोव्स्की कॉइल डीसी मोजत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते याच अर्थानं. आधीपासून स्थिर वाहणारा प्रवाह तिला दिसत नाही. पण एमएफडीसी गनचा प्रवाह एकाच दिशेचा असला तरी तो प्रत्येक ठिपक्याला शून्यापासून सुरू होतो, आणि तिथेच अट पूर्ण होते.

एक ठिपका पुरा पाहू. प्रवाह शून्यापासून १०,००० अँपिअरपर्यंत दहा मिलिसेकंदांत चढतो. वेग सेकंदाला दहा लाख अँपिअर, म्हणून कॉइलवर दहा मिलिसेकंद ०.१२६ व्होल्ट. पुढे २०० मिलिसेकंद प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. इन्व्हर्टरची थोडी थरथर सोडली तर कॉइलवर काहीच नाही. शेवटी प्रवाह पडतो आणि कॉइल उलट दिशेचं व्होल्टेज देते. मधल्या त्या शांत काळात इंटिग्रेटरनं १०,००० चा आकडा नुसता लक्षात धरून ठेवायचा असतो.

कसोटी इथेच लागते. समजा इंटिग्रेटरच्या दाराशी कुठूनतरी ०.१ मिलिव्होल्टची चूक आहे. तो तिचीही इमानानं बेरीज करतो. २०० मिलिसेकंदांत ती १६० अँपिअर होते, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. एवढं चालवून घेता येईल. पण तेच मंडल एक मिनिट तसंच चालू ठेवलं तर दांड्यात काही नसताना मीटर जवळजवळ ४८ हजार अँपिअर दाखवू लागेल. म्हणून चांगला वेल्ड चेकर प्रत्येक ठिपक्याच्या अगदी आधी इंटिग्रेटर शून्यावर आणतो.

सतत चालणाऱ्या मीटरमध्ये हे जमत नाही. तिथे इंटिग्रेटरला मुद्दाम थोडी गळती ठेवतात, म्हणजे साठलेली चूक हळूहळू विरून जाते. पण मग खरा आकडाही विरतो. गळतीचा काळ दोन सेकंद असेल तर २०० मिलिसेकंदांत १०,००० चे ९,०५० होतात. पाहणाऱ्याला वाटतं, गन दमली. हा दोष ओळखायची खूण आलेखातच असते. प्रवाह बंद होताना आलेख पूर्ण १०,००० नी खाली येतो, पण निघालेला असतो ९,०५० वरून, म्हणून तो शून्याखाली ९५० वर जाऊन आदळतो आणि मग सावकाश वर सरकतो. एकाच दिशेच्या गनमध्ये उलटा प्रवाह येणार कुठून? अशी बुडी दिसली की गनला हात न लावता आधी मीटर तपासावा. ठिपक्याच्या आधीच रेघ एका बाजूला चढत असेल, तर दोष गळतीचा नसून त्या साठत जाणाऱ्या चुकीचा आहे.

५० हर्ट्झच्या जुन्या एसी गनवर ही कटकट कमी, कारण प्रवाह सतत बदलत असतो. आपली कॉइल तिथे १०,००० अँपिअरला सुमारे ४०० मिलिव्होल्ट देते. पण इंटिग्रेटर न लावता कॉइल थेट मीटरला जोडली तर वेगळीच फसगत होते. वारंवारता जितकी जास्त तितका बदल झपाट्याचा, त्यामुळे पाचवी हार्मोनिक पाचपट फुगून दिसते. एखाद्या ड्राइव्हच्या प्रवाहात ती मूळ लहरीच्या ४० टक्के असेल, तर कॉइलच्या टोकांवर ती मूळ लहरीच्या दुप्पट होते. मीटर लावलेल्या माणसाला वाटतं, कारखान्याची वीज पार नासली आहे.

कॉइल बसवतानाही काही पथ्यं आहेत. टोकं जिथे अडकतात तिथे वेढे नसतात, म्हणजे वाट तेवढी तुटलेली असते. ती जागा दांड्यापासून लांब ठेवावी. सी आकाराच्या गनमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण एका दांड्यातून गेलेला प्रवाह शेजारच्या दांड्यातून परततो. तो वेटोळ्याच्या बाहेर असल्यामुळे मोजला जाऊ नये, पण जोड त्याच्या अंगाला टेकला असेल तर तो आत डोकावतो. नळी चेपली किंवा तिला घट्ट वळण बसलं तर वेढे एका बाजूला दाटतात, आणि मग वेटोळं फिरवलं की आकडाही बदलतो.

हे तपासायला वेगळं उपकरण लागत नाही. नळीची टोकं अडकवून, दांडा आत न घेता, वेटोळं शेजारी धरावं आणि ठिपका मारावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. मग दांड्याभोवती घालून एकदा मोजावं आणि उलटं करून पुन्हा मोजावं. प्रवाहाचा खरा भाग चिन्ह बदलतो. जो भाग चिन्ह बदलत नाही तो प्रवाहाचा नाहीच. जवळच्या तारांच्या झटपट बदलणाऱ्या व्होल्टेजनं धारितेच्या वाटेनं तो आत घुसवलेला असतो, आणि त्यासाठी कॉइलला आवरणजाळी लागते. नळी पुरेशी लांब असेल तर तिचे दांड्याभोवती दोन फेरे घ्यावेत. आकडा नेमका दुप्पट आला पाहिजे.

हीच दुप्पट करायची युक्ती लहान प्रवाहांना थोडी उपयोगी पडते, पण थोडीच. घरातल्या पाच अँपिअरला ही कॉइल ०.२ मिलिव्होल्ट देते, म्हणजे इंटिग्रेटरच्या दाराशी असलेल्या आपल्या चुकीच्या जेमतेम दुप्पट. दोन फेरे घेतले तर ०.४. तिथे लोखंडी जबड्याचा साधा क्लॅम्प मीटरच वापरावा.