विश्लेषण : लस टोचल्यावर बाळाला लगेच पॅरासिटामॉल द्यावे का? ताप आला तर मात्रा किती?

अंगणवाडीत पेंटाची लस टोचून झाली की अनेक माता आरोग्य सेविकेला हमखास विचारतात, 'तापाचे औषध आताच देऊन टाकू का?' रात्री बाळ रडेल, घरातले चिडतील, ही त्यामागची काळजी. धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांवर तर रात्री दवाखाना गाठणे सोपे नसते. पण ताप येण्याआधीच औषध देणे खरेच फायद्याचे आहे का? आणि ताप आलाच, तर किती औषध द्यायचे?

लशीनंतर ताप का येतो?

बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लस मिळते. तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच आजारांवरचे घटक असतात. सरकारी लशीतील डांग्या खोकल्याचा घटक मेलेल्या संपूर्ण जंतूचा असतो. शरीर त्याला ओळखते, त्याच्याशी लढायला शिकते आणि या शिकण्यात अंग तापते. हा ताप बहुधा पहिल्या दिवशीच येतो आणि 48 तासांत उतरतो. टोचलेली जागा थोडी सुजणे, लाल होणे हेही अपेक्षितच.

मग आधीच औषध दिले तर काय बिघडते?

याचे उत्तर शोधणारा एक मोठा अभ्यास चेक प्रजासत्ताकात झाला. तो 2009 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात 459 बाळांचे दोन गट होते. एका गटाला लशीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केले, दुसऱ्याला नाही. औषध मिळालेल्या गटात ताप कमी आला, हे खरे. पण त्याच बाळांच्या रक्तात काही आजारांविरुद्धची प्रतिपिंडे कमी तयार झाली. शिवाय खूप जास्त ताप दोन्ही गटांत क्वचितच आला. म्हणजे ज्याची धास्ती असते, तो धोका मुळातच लहान होता.

या निष्कर्षाला मर्यादा आहे. तिथली लस आपल्या सरकारी लशीपेक्षा वेगळी होती आणि औषध घेतलेल्या बहुतेक बाळांनाही पुरेसे संरक्षण मिळाले. त्यामुळे आधी औषध दिलेल्या बाळाची लस वाया गेली, असे समजून कोणी घाबरू नये. मात्र गरज नसताना औषध द्यायचे आणि वर प्रतिपिंडे घटण्याची शक्यता ओढवून घ्यायची, हा सौदा फायद्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही लशीआधी किंवा लशीबरोबर सरसकट वेदनाशामक देऊ नये, असेच सांगते. ब्रिटनमध्ये मेनिंजायटिस-बी लशीबरोबर पॅरासिटामॉल देतात, पण तो अपवाद आहे. ती लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही.

ताप आल्यावर औषध कधी द्यायचे?

थर्मामीटरवर 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल आणि बाळ अस्वस्थ असेल, तर औषध द्यावे. अंग कोमट लागते पण बाळ दूध पिते, हसते, तर औषधाची घाई नको. कपडे सैल करा, वारंवार अंगावर पाजा. टोचलेल्या जागी लेप, हळद लावू नका, चोळूही नका.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. सहा आठवड्यांच्या डोसाच्या वेळी बाळ दोन महिन्यांचे झालेले नसते. या वयात ताप गंभीर संसर्गाचाही असू शकतो. म्हणून दोन महिन्यांखालील, चार किलोहून हलक्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आरोग्य सेविका वा डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

मात्रा कशी काढायची?

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे कमी वजनाची बाळे बरीच आहेत, हा फरक मोठा ठरतो. एका वेळची मात्रा म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवा आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

समजा, दहा आठवड्यांच्या बाळाचे कार्डावरचे ताजे वजन 4 किलो आहे. 4 गुणिले 15 म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त 60 मिलिग्रॅम. आता बाटली बघा, कारण पॅरासिटामॉल वेगवेगळ्या ताकदीत मिळते :

- थेंबांची बाटली, 1 मिलीत 100 मिलिग्रॅम : 0.6 मिली
- सिरप, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम : 2.4 मिली
- सिरप, 5 मिलीत 250 मिलिग्रॅम : 1.2 मिली

तिन्ही ठिकाणी औषध तेवढेच, फक्त द्रव वेगळा. घोळ इथेच होतो. थेंबांची बाटली 'सिरप' समजून अर्धा चमचा, म्हणजे 2.5 मिली दिली, तर बाळाच्या पोटात 250 मिलिग्रॅम जाते. हे हव्या त्या मात्रेच्या चौपटीहून जास्त. असे वारंवार झाले तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून घरचा चमचा नको, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

गोळीचा तुकडा चालेल का?

500 मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम, चार किलोच्या बाळाला दुप्पट. शिवाय गोळीचे समान तुकडे हाताने होत नाहीत. गोळीच मिळाली असेल, तर बाळाच्या वजनानुसार नेमका किती भाग द्यायचा ते तिथेच विचारा.

पाकिटावरचे नावही वाचा. मार्च 2019 मध्ये हैदराबादच्या नामपल्ली भागात लस घेतलेल्या बाळांना पॅरासिटामॉलऐवजी ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दोन बाळे दगावली. चूक लशीची नव्हती, औषधाच्या अदलाबदलीची होती. 12 वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर देशात बंदी आहे, तेही घरात असेल तर बाळापासून दूर ठेवा.

दवाखान्यात कधी न्यायचे?

लस टोचल्यावर पहिला अर्धा तास केंद्रावरच थांबा. नंतर बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल, झटके आले, श्वास जोरात चालला, तीन तासांहून जास्त सलग रडत राहिले, किंवा ताप दोन डोसांनंतरही उतरत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. ताप 48 तासांनंतर सुरू झाला, तर तो पेंटाचा असण्याची शक्यता कमी. दुसरे कारण शोधावे लागते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लशीचा ताप मात्र पाच ते बारा दिवसांनीही येतो.

थोडक्यात, लशीच्या दिवशी घरी परतण्याआधी कार्डावर बाळाचे वजन लिहून घ्या आणि आरोग्य सेविकेला तुमच्याकडच्या बाटलीतून किती मिली द्यायचे ते विचारून तोच आकडा शेजारी लिहा. औषध घरात तयार असू द्या, पण ते उघडायचे ते ताप आल्यावरच.